भिजलेलं बदक

चंदनानं मैत्रिणीला, सृष्टीला, चित्र पाठवलं आणि फोन मांडीवर ठेवून ती हळदीच्या पेढीवर उत्तराची वाट बघत बसली. चित्रात भिजून चिंब झालेलं बदकाचं पिल्लू होतं. भोवती गुलाबी ढग, वर गोलमटोल अक्षरं: 'तू जशी आहेस तशी पुरेशी आहेस. तुझ्यासारख्या दोन असत्या तर लोकांनी गाव सोडलं असतं.' पहिलं वाक्य मूळ चित्रातलं होतं. दुसरं चंदनानं त्याच वळणाच्या अक्षरांत खाली चिकटवलेलं.

सृष्टीबरोबरचा हा उद्योग सांगलीच्या कॉलेजातला. सृष्टी पाटणची, होस्टेलवर राहणारी. एका विषयात नापास झाली तेव्हा तिच्या मावशीनं कुत्र्याचं पिल्लू पाठवलं होतं: 'तू खास आहेस.' तेच पिल्लू त्याच सकाळी मावशीच्या साऱ्या गोतावळ्याला गेलं होतं. सगळेच खास म्हटल्यावर आपल्या वाट्याला काय उरलं, म्हणून सृष्टी जास्तच रडली. मग डोळे पुसून तिनं त्या पिल्लाखाली लिहिलं, 'तू नापास झालीस. मीही झालो. मला निदान कुणी विचारत नाही.' स्वतःच खो खो हसली आणि मेसमध्ये जाऊन पोटभर जेवली.

तेव्हापासून त्यांचा नेम ठरला. गोड चित्राला वाकडी ओळ जोडायची, आणि समोरचीनं त्याहून वाकडी ओळ परत पाठवायची. साधं चित्र म्हणायचं, सगळं ठीक होईल. त्यांचं चित्र आधी कबूल करायचं की काहीच ठीक नाही, आणि मग तेच गोंडस पिल्लू पुढं करायचं. माया कमी नव्हती, फक्त खोटी वाटत नव्हती.

गेल्या वर्षी सृष्टीचं लग्न होऊन ती फलटणजवळच्या एका बागायती घरात गेली. फोन कमी झाले, चित्रं चालू राहिली. पण गेल्या आठवड्यापासून तिच्याकडून रोज सकाळी नुसतीच गोड चित्रं येत होती. हरणाचं पाडस, सशाचं पिल्लू, 'आजचा दिवस तुझाच आहे.' खाली वाकडी ओळ नाही. बाईसाहेब संसारी झाल्या, असं चंदनाला वाटलं होतं, आणि थोडा रागही आला होता. आज तिला डिवचायलाच तिनं बदक पाठवलं.

फोन थरथरला.

'खूप सुंदर विचार. शुभ सकाळ.' पुढं जोडलेले हात.

चंदनानं उत्तर पुन्हा वाचलं. बदकाची दुसरी ओळ वाचून सृष्टी असं लिहिणं शक्यच नव्हतं. ज्यानं लिहिलं होतं त्यानं नुसते गुलाबी ढग बघितले होते आणि हात जोडले होते.

तिनं लगेच फोन लावला. सृष्टीच्या नवऱ्यानं, वीरधवलनं उचलला.

"झोपलीय ती."

"आत्ता? अकरा वाजता?"

"जरा बरं न्हाई. तुमाला रोज मेसेज येतायत की. मजेत हाय ती."

फोन कट झाला. चंदनानं जुनी चित्रं वर सरकवली. सृष्टीची शेवटची वाकडी ओळ सापडली. खिडकीतून बाहेर बघणारं मांजराचं पिल्लू: 'या जगात तुझी जागा आहे. माळ्यावर. कडी बाहेरून.'

त्याखाली चंदनानंच पाठवलेले हसरे चेहरे. एक ओळ भरून.

"अण्णा, गाडी काढा. फलटणला जायचंय."

तिचे वडील, जवाहरअण्णा, वजनकाट्यापाशी होते. त्यांनी फोन हातात घेतला.

"मांजराचं पिल्लू हाय की गं. चांगलंय."

"खालचं वाचा."

अण्णांनी वाचलं. चष्मा काढून पुन्हा घातला.

"ह्यावर तू हसलीस?"

"व्हय."

अण्णांनी फोन तिच्या हातात परत दिला. पेढीचं शटर त्यांनी स्वतः ओढलं.

विटा गाव मागं पडलं तोवर चंदनानं पाटणला सृष्टीच्या वडलांना फोन केला होता. आकाराम फौजेतून निवृत्त झालेले. सगळं ऐकून ते म्हणाले, "पोलिसांना घेऊनच येतो. तवर त्याला कळू देऊ नगा."

रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा होता, आणि घर कुठलंच दिसत नव्हतं. तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला. सृष्टीच्या नावावरून एक चित्र आलं होतं. दुलईत गाढ झोपलेलं मांजराचं पिल्लू, फिकट निळं आभाळ, गोलमटोल अक्षरं: 'काळजी करू नकोस. सगळं शांत आहे.'

चंदनानं खालची ओळ शोधली. नव्हती.  मग एकेक अक्षर जपून टाइप केलं.

'खूप सुंदर विचार.' पुढं जोडलेले हात.

तिच्या उत्तराखाली दोन निळ्या खुणा उमटल्या. कुणीतरी वाचलं होतं.

"अण्णा," ती म्हणाली, "जोरात चालवा."