सात अंड्यांचा केक

बुलढाण्यात साहेबांच्या बंगल्यावर जहांगीर उस्ताद खानसामा होते आणि मी, अब्दुल गनी, नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली अंडी फेटत होतो. शनिवारी क्लबात चहाला केक जायचा. तो उस्तादांच्या नावानं जायचा. खांदा माझा भरून यायचा.

फेटणं मला येत होतं. साखर घालून अंडी फेटायची, फिकट आणि घट्ट होईपर्यंत. तारेची फेटणी वर उचलली की फेसाची धार खालच्या फेसावर पट्ट्यासारखी पडते. तो पट्टा तीन श्वास दिसत राहिला तर झालं, लगेच बुडाला तर अजून फेटायचं. केकमध्ये फुगवायला दुसरं काही नसतं, अंड्यात कोंडलेली हवाच. म्हणून मैदा हलक्या हातानं, खालून वर उलटवत घालायचा. जोरानं ढवळला की हवा गेली, केक दगड.

अंडी मात्र उस्ताद कोठीत दार लावून फोडायचे आणि बलक मोडूनच पातेलं माझ्या हाती द्यायचे.

"दुसऱ्याची नजर पडली का केक बसते, बे," ते म्हणायचे. "दीड पाव मैदा, दीड पाव साखर, सात अंडी. मेमसाहेबांच्या पुस्तकात बी सातच हायेत."

मी ते खरं मानलं. टरफलंही ते स्वतःच नेऊन पुरायचे.

नवव्या वर्षी उस्तादांनी रोहिणखेडला, आपल्या गावी, परत जायचं ठरवलं. मेमसाहेब मला म्हणाल्या, या शनिवारचा केक तू एकटा कर. जमला तर खानसामा तू.

शनिवारी मीही दार लावून अंडी फोडली. सात. फेटून फेटून हात सुजला. फेस नेहमीसारखा चढेना, साखर कचकचत राहिली. मैदा घातल्यावर तर पीठ थापण्याजोगं झालं. पत्र्याच्या भट्टीला वर-खाली सारखे निखारे ठेवले, वेळ होईपर्यंत झाकणाला हात लावला नाही. काढला तेव्हा कडा उभ्या आणि मधोमध खड्डा. सुरी घातली तर तळाशी ओला, चिकट थर.

मेमसाहेबांनी एक तुकडा बोटानं दाबला आणि ताट परत पाठवलं.

घरी येऊन बायकोला, बिस्मिल्लाला, सांगितलं. ती कोंबड्या पाळायची, बंगल्यावर अंडी तीच द्यायची.

"किती टाकले होते?"

"सात."

"सात काऊन? उस्ताद तं केकसाठी माह्याजोळून दहा नेत होते. उन्हाळ्यात बारीक अंडी असली तं अकरा बी."

"आन् तू मले सांगतलं नाही?"

"तुम्ही इचारलं कधी? नऊ वर्षं रोज त्यायच्याच बाजूले उभे राहत होते ना तुम्ही!"

मी तसाच बंगल्यावर गेलो. कोठीत तराजू काढला. एका पारड्यात दीड पाव मैदा, दुसऱ्यात अंडी. सातला मैद्याचं पारडं खालीच. दहावं ठेवलं तेव्हा काटा मधे आला. पुस्तकातली सात अंडी विलायती कोंबड्यांची, मोठाली. आमची गावरान. उस्ताद मोजत नव्हते, तोलत होते. मी तीन अंडी कमी घातली होती. तेवढ्यात मावेल तेवढीच हवा, आणि साखर-मैद्याचं ओझं मात्र पूर्ण.

उस्ताद त्यांच्या खोलीपुढे खाटेवर बसले होते.

"उस्ताद, दहा लागतात."

ते हसले नाहीत की रागावले नाहीत. "कोणं सांगतलं?"

"तराजूनं. तुम्ही काऊन नाही सांगतलं?"

"गुलजारले जागा पाहिजे होती, बाबा. जावई हाये माहा. शाहजादीचे तीन लेकरं हायेत."

"मंग तसं म्हणायचं होतं. मी सोडली असती."

"हाव, आता म्हणतं तू."

मी सोडली असती की नाही, मला आजही ठाऊक नाही. पण नऊ वर्षं त्यांनी मला बेटा म्हटलं होतं, आणि पहिल्या दिवसापासून दार लावून घेतलं होतं. तेव्हा तर शाहजादीचं लग्नही झालेलं नव्हतं.

मेमसाहेबांना सांगायला गेलो. त्यांनी पुस्तक उघडून सातावर बोट ठेवलं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, पण बोट कळलं.

पुढच्या शनिवारपर्यंत उस्ताद रोहिणखेडला गेले होते, आणि गुलजार साखरखेर्ड्याहून येऊन खानसामा झाला. त्यानं दार न लावता माझ्यासमोर दहा अंडी तोलली, फोडली आणि पातेलं माझ्याकडे सरकवलं.

"फेट."

मी फेटू लागलो. फेस चढत गेला, पिवळा होता तो फिकट झाला. फेटणी उचलली. पट्टा पडला आणि लगेच बुडाला.

"झालं का?" गुलजारनं विचारलं. त्याला पाहून कळत नव्हतं. त्याला फेटणं कोणी शिकवलंच नव्हतं. उस्तादांनी स्वतः नऊ वर्षं फेटणी धरली नव्हती आणि त्यांच्या घरात दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं, ते माझ्या हातात होतं.

हो म्हणालो असतो तर या वेळी क्लबातच खड्डा गेला असता.

"नाही झालं," मी म्हणालो आणि फेटणी त्याच्या हातात दिली.

"अजून किती येळ? कसं समजते?"

"सासऱ्याले इचार."

हात धुतले आणि मागच्या दारानं बाहेर पडलो. ते दार मी उघडंच ठेवलं.