आजीलाही दिसलेली रेघ

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी शलाका उजाडताच मांजलपूरच्या आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर पोहोचली, ती चहा-नाश्त्याला खाली आलीच नाही. चौदा वर्षांची पोर, पतंग म्हटला की तहानभूक विसरायची. फिरकी धरून बाबा, समरजित, मागे उभे. घराघरांत नुकत्याच आलेल्या डेक-स्पीकरांवर गाणी दणाणत होती आणि दर दोन मिनिटांनी कुठल्यातरी गच्चीवरून पतंग कापल्याची आरोळी उठत होती, "काप्यो छे!"

दुपार चढली. आकाश नुसतं पांढरं फटक झालं होतं. पतंगाकडे बघता बघता शलाकाला त्याच्या मधोमध एक ठिपका पुसल्यासारखा वाटला. ठिपक्याच्या कडेने एक रेघ लखलखायला लागली, करवतीच्या दातांसारखी, थरथरणारी. शलाकाने मांजा बाबांच्या हातात दिला, "आलेच" म्हणाली आणि कठडा धरत जिना उतरली.

असं तिसऱ्यांदा होत होतं. आधीचे दोन्ही प्रसंग तिने कोणालाच सांगितले नव्हते. आपण आंधळी होणार, अशी तिची खात्री पटली होती.

स्वयंपाकघरात कौशल्याआजी उंधियूखालचा गॅस बारीक करत होती. नातीचा चेहरा पाहून ती थांबली. "काय झालं गं?"

शलाकाला रडू फुटलं. "आजी, तुझा अर्धा चेहराच दिसत नाहीये."

आजीने तिला खुर्चीवर बसवलं. "एक डोळा झाक. दिसतंय ते?"

"हो."

"आता दुसरा झाक. अजून दिसतंय?"

"हो. दोन्ही मिटले तरी चमकतंय."

"म्हणजे डोळ्यांना काही झालेलं नाही. ते डोक्यात चाललंय." आजीने ओट्यावर सांडलेल्या पिठात बोटाने एक चंद्रकोर काढली, बाहेरच्या कडेला दातेरी. "अशी आहे? आणि हळूहळू मोठी होत कडेला सरकतेय?"

शलाका रडायची थांबली. पिठातल्या त्या कोरीकडे ती एकटक बघत राहिली. "तुला कसं माहीत?"

"कारण मला हीच दिसायची. तुझ्याएवढी असताना, नागरवाड्यातल्या आमच्या गच्चीवर, भावांबरोबर उत्तरायणातच. मीही सकाळपासून उपाशी, उन्हाकडे डोळे लावून बसलेली. रेघ विझली आणि अर्धं डोकं ठणकायला लागलं. अर्धशिशी, बेटा."

बोलता बोलता आजीने तिला दोन घास खिचडी भरवली, वर पॅरासिटामॉलची गोळी दिली. "दुखणं पेटायच्या आत घ्यायची. एकदा मळमळ सुरू झाली की गोळी पोटातच पडून राहते, अंगाला लागत नाही. रेघ म्हणजे सांगावा आहे. अर्ध्या तासात जाईल बघ."

मग तिने आतल्या खोलीचे पडदे ओढले, खिडक्या लावल्या, कपाळावर ओली पट्टी ठेवली. रेघ खरोखरच कडेला सरकत विझली. मग डावी बाजू ठणकू लागली, पण मागच्या वेळेइतकी नाही. त्या दोन्ही वेळा तिला ओकाऱ्या झाल्या होत्या. यावेळी झोप लागली.

संध्याकाळी ती उठली ती भूक लागली म्हणूनच. उंधियू-जिलेबीवर ताव मारताना तिने विचारलं, "तुझी अर्धशिशी कधी थांबली?"

"पाळी गेली तशी तीही गेली. मला पाळी आली त्याच वर्षी सुरू झाली होती, तुझ्यासारखीच. अजून क्वचित रेघ दिसते, डोकं मात्र दुखत नाही. आणि हा तुझा बाप! पावागढला जाताना दर वेळी बसमध्ये ओकायचा. ते ओकणंही अर्धशिशीच्याच घराण्यातलं."

"आई, पोरीसमोर काय हे!" समरजित ओशाळून म्हणाले, आणि सगळे हसले.

"मग त्यानंतर कधी पतंग उडवलास?" शलाकाने विचारलं.

आजी म्हणाली, "दृष्ट लागली म्हणून मला गच्चीवरून उतरवलं, ते कायमचंच."

शलाकाने जिलेबी खाली ठेवली. "उद्या वाशी उत्तरायण आहे, पतंग उद्याही उडतील. चल माझ्याबरोबर."

"गुडघे, अगं..."

"मी धरते."

दुसऱ्या दिवशी पोटभर नाश्ता करून, टोप्या घालून दोघी वर गेल्या. ऊन पाठीशी राहील अशा कोपऱ्यात आजी खुर्चीवर बसली. शलाकाने पतंग वर चढवून मांजा तिच्या हातात दिला. सुरुवातीला आजीला मांजा सांभाळेना. मग बोटांनाच आठवलं. तिने ढील दिली, समोरच्या गच्चीवरचा लाल पतंग अंगावर येऊ दिला आणि एक झटका मारला. लाल पतंग हेलकावे खात निघून गेला.

आजी पदर खोचून उभी राहिली. "काप्यो छे!" ती अशी ओरडली की सोसायटीतले लोक वळून बघू लागले.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर निरुपमांनी शलाकाचे डोळे आतून तपासले, तिला सरळ रेषेत चालवलं, गुडघ्यांवर हातोडी मारून पाहिली. अर्धशिशीच, म्हणाल्या, आणि घरात कोणाला आहे का, असं विचारलं.

"मला!" आजी म्हणाली. तिने ते अशा ठसक्यात सांगितलं की डॉक्टरीणबाईंनाही हसू आलं.