पर्याय ब

औषधशास्त्र विभागात प्रश्नपत्रिका काढायची म्हटली की सगळ्यांना एकदम घरची कामं आठवत. कुणाची पाठ धरायची, कुणाचं मूल तापायचं. उरायच्या लेक्चररबाई. नोकरीत कायम व्हायला त्यांना दोन महिने राहिले होते आणि कायम करणं न करणं विभागप्रमुखांच्या हातात, त्यामुळे 'नाही' हा शब्द त्यांनी केव्हाच गिळून टाकला होता.

पण एक खरं, प्रश्न काढावा तर बाईंनीच. कोरडं पाठांतर त्या विचारत नसत; अख्खा पेशंट उभा करत. औषधांच्या आपापसातल्या भांडणांवर त्यांनी एक प्रश्न लिहिला होता, तो असा: सहासष्ट वर्षांचे गृहस्थ. कोलेस्टेरॉलसाठी अनेक वर्षं रोज रात्री सिम्वास्टॅटिन घेतात. खोकला-तापासाठी नवं अँटिबायोटिक सुरू झालं. सहाव्या दिवशी मांड्या ठणकतात, जिना चढवत नाही, लघवी काळ्या चहासारखी. नवं औषध कोणतं? गृहस्थ काही आभाळातून पडले नव्हते. बाईंचे वडील रोज जेवणानंतर तीच गोळी घेत. बाईंनी फक्त त्यांच्या वयात तीन वर्षं मिळवली आणि त्यांना कागदावर आजारी पाडलं.

उत्तर होतं क्लॅरिथ्रोमायसिन. सिम्वास्टॅटिन मोडून काढणारं शरीरातलं एन्झाइम ते अडवून धरतं, गोळी रक्तात साचत जाते, स्नायू वितळायला लागतात आणि त्याचा गाळ मूत्रपिंडात जाऊन बसतो. पर्यायांत बाईंनी त्याचं चुलत भावंड ॲझिथ्रोमायसिनही टाकलं होतं. घराणं एक, नावं सारखी, पण ते त्या एन्झाइमच्या वाटेला फारसं जात नाही. न वाचता आलेला तिथेच आपटणार. बाईंच्या कागदावर क्लॅरिथ्रोमायसिन दुसऱ्या नंबरला होतं, म्हणून उत्तरसूचीत त्यांनी लिहिलं: ब.

छपाईला द्यायच्या दिवशी प्रमुखांचं फर्मान आलं, "पर्याय इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने लावा. नियम आहे." बाईंनी घाईघाईत शंभर प्रश्नांचे पर्याय वर-खाली केले आणि प्रत्येक वेळी उत्तरसूचीतलं अक्षरही बदललं. नव्व्याण्णव वेळा. या एका प्रश्नात क्लॅरिथ्रोमायसिन घसरून ड वर गेलं, ब वर ॲझिथ्रोमायसिन येऊन बसलं आणि सूचीत ब तसंच राहिलं. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राला काय, सांगितलं ते तपासलं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी 'आजोबा' दारात उभा. आजोबा म्हणजे वर्गातला सगळ्यात जुना विद्यार्थी. तीनदा नापास झालेला, कानाजवळ केस पिकलेला, पोरं त्याला याच नावाने चिडवत आणि तोही "काय रे नातवांनो" म्हणून हसून घेई. ही त्याची चौथी आणि शेवटची संधी होती. पासाला पन्नास लागत, त्याला एकोणपन्नास पडले होते.

"मॅडम, बासष्टावा प्रश्न," तो म्हणाला. हातात तीन पुस्तकं, प्रत्येकात कागदाची खूण. "त्याचं उत्तर ड आहे. सूचीत ब आहे. एकदा बघता का?"

बाईंनी बघितलं. त्याचं बरोबर होतं. सगळ्या वर्गात हा एकच मठ्ठ म्हणून ओवाळून टाकलेला माणूस, आणि चूक सापडली ती त्याला.

"थांबा, सरांशी बोलते," त्या म्हणाल्या.

विभागप्रमुख दातात काडी घालून बसले होते. त्यांनी प्रश्न वाचला, सूची वाचली आणि हसले. "सूची कुणी केली?"

"मी, सर."

"मग? सूची बदलली तर अख्खा निकाल पुन्हा लागणार. पहिला आलेला दुसरा होणार, वर्तमानपत्रात बोंब. चौकशी कुणाची होईल? माझी?" काडी त्यांनी टोपलीत टाकली. "तुमची फाइल टेबलावर आहे. सही करायची की आधी चौकशी लावायची, तुम्हीच सांगा. आणि तो आजोबा! तो डॉक्टर झाला काय, न झाला काय. देशावर उपकारच करताय तुम्ही."

बाईंनी सूची उचलली आणि त्या उठल्या.

बाहेर आजोबा पुस्तकं छातीशी धरून उभा होता. बाई त्याच्या डोळ्यांकडे न बघता म्हणाल्या, "उत्तर ब बरोबर आहे."

"पण मॅडम, पुस्तकात..."

"पुस्तकं जुनी आहेत तुमची. चार वर्षं तीच वाचताय, म्हणून ही वेळ आली."

तो लाल झाला. निकाल बघायला जमलेली पोरं फिदीफिदी हसली. मग त्याने पुस्तकांतल्या खुणा एकेक करून काढल्या, घडी घालून खिशात ठेवल्या आणि "चुकलं माझं" म्हणून निघून गेला. तिथेच उभ्या पहिल्या नंबरच्या पोराने हळूच विचारलं, "म्हणजे मॅडम, सिम्वास्टॅटिनवर क्लॅरिथ्रो चालतं, ॲझिथ्रो नाही, असंच ना?"

एकदा खोटं बोललं की त्याला खतपाणी घालावंच लागतं. बाई म्हणाल्या, "हो. असंच."

पोराने वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

बाई कायम झाल्या. तीन वर्षांनी तो पोरगा त्याच कॉलेजच्या हॉस्पिटलात इंटर्न म्हणून लागला. त्याच सुमारास बाई परगावी तोंडी परीक्षा घ्यायला आठ दिवस गेल्या होत्या. वडिलांना खोकला झालाय हे फोनवर कळलं; आई म्हणाली, "तुमच्याच हॉस्पिटलात दाखवलं गं, तू काळजी करू नकोस." बाईंनी केली नाही.

परतल्या त्या थेट अतिदक्षता विभागात. वडील सुजलेले, पलंगाला लटकवलेल्या पिशवीत काळ्या चहाच्या रंगाची लघवी, तीही चमचाभर. मोठे डॉक्टर फेरीवर आले होते आणि इंटर्न त्यांना केस सांगत होता. "सहासष्ट वर्षांचे गृहस्थ. अनेक वर्षं सिम्वास्टॅटिन. खोकला-तापासाठी अँटिबायोटिक. सहाव्या दिवशी मांड्या ठणकतात, जिना..." तो अडखळला. आपण हे कुठे वाचलंय ते त्याला आठवलं असावं. त्याने बाईंकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

बाई दाराकडे वळल्या. बाहेर बाकावर आई बसली होती, मांडीवर औषधांची पिशवी.

"अगं, समोरच्या मेडिकलमध्ये गल्ल्यावर एक आहे बघ, कानाजवळ केस पिकलेला," आई सांगू लागली. "त्याने चिठ्ठी बघितली आणि गोळ्या देईचना. म्हणाला, आजी, ही दोन एकत्र नकोत, डॉक्टरांना पुन्हा विचारा. मी परत जिने चढून गेले. तर चिठ्ठी लिहिणारा हा आतला पोरगा म्हणाला, काकू, घाबरू नका, हे मला तुमच्या लेकीनेच शिकवलंय. मग मी खाली जाऊन त्यालाच चार शब्द सुनावले. म्हटलं, माझी मुलगी शिकवते या कॉलेजात, तुला जास्त कळतं का?"

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग काय. तुझं नाव सांगितलं आणि त्याचा नूरच बदलला. चुकलं माझं म्हणाला आणि दिल्या गोळ्या काढून." आईने पदराने डोळे पुसले. "यांना घशाखाली उतरत नव्हत्या गं मेल्या. मी चुरून चुरून घातल्या. एक चुकवली नाही."

फेरी एव्हाना पुढच्या वॉर्डात गेली होती; आतून नर्स धावत बाहेर आली आणि पोटॅशियम वाढलंय, हृदयाचे ठोके चुकतायत, पटकन मोठ्या डॉक्टरांना बोलवा म्हणून ओरडली. पण आई बाईंचा हात सोडेना.

"तू तर औषधांचीच मास्तरीण," ती म्हणाली. "सांग ना, यांना नेमकं कशानं झालं?"