उणे दहा

“माझा नाव नको घालूस बाय. पण गोष्ट घाल.”

सगुणाकाकीचं हे वाक्य सकाळपासून माझ्या कानात होतं. आमच्या आंब्याच्या रसाच्या कारखान्यात हंगामाआधी पाण्यावर ट्रायल चालू होती. रस काढायच्या मशीनच्या साखळीवर जाळीचं झाकण असतं, ते कोणी तरी काढून परत लावलंच नव्हतं. काकीच्या अ‍ॅप्रनची बाही साखळीत गेली. शेजारी उभ्या बाईने बंदचं बटण दाबलं म्हणून बाहीच फाटली, हात वाचला. सुपरवायझरने मशीन बंद ठेवलं, पण तीनला पुन्हा ट्रायल ठरलेली. मी नोंद करते, असं काकीला कबूल केलं होतं.

सुरक्षा सप्ताहाची क्विझ माझ्याकडेच होती. मुंबई ऑफिसकडून बेचाळीस स्लाइडचं प्रशिक्षण आलं होतं. बायका तिसऱ्या स्लाइडला जांभया देतात, म्हणून टीव्हीवरच्या खेळासारखं काही तरी करा, असं आमचे प्लांट मॅनेजर सुहास सर म्हणाले. मी मनापासून केलं. चार विभाग, चार बझर. बरोबर उत्तराला दहा, चुकीच्याला उणे पाच, प्रश्न पुढच्या टीमकडे गेला तर पाच. प्रश्न पूर्ण वाचून होण्याआधी बझर दाबला तर वाचन तिथेच थांबणार, ऐकलं तेवढ्यावर उत्तर द्यायचं. घाई करणाऱ्याला चाप बसावा म्हणून. जिंकणाऱ्या टीमला एक दिवसाची भरपगारी रजा.

दुपारी कॅन्टीनमध्ये रंगीत तालीम घेतली, तेव्हा पडद्यावर मी न लिहिलेली एक ओळ होती. प्रत्येक विभाग पन्नास गुणांनी सुरू. वर्षभरात ज्या विभागाने जेवढ्या घटना नोंदवल्या, तेवढे दहा-दहा कमी. पॅकिंग पन्नास, आमचं ऑफिस पन्नास. काकीचा पल्प विभाग वीस.

मला वाटलं, चुकून आली असेल. सुहास सर मागे चहा पीत उभे होते. त्यांनी मान हलवली, चालू द्या.

प्रश्न आला: मशीनचं झाकण उघडं दिसलं तर काय कराल? काकीने पूर्ण ऐकून बझर दाबला. मशीन बंद करायचं, सुपरवायझरला सांगायचं, स्विचला कुलूप आणि लाल पाटी, त्याच पाळीत नोंद. अगदी स्लाइडमधलं. मी दहा गुण दिले.

तिच्याच टीममधला दर्शन हळूच म्हणाला, “काकी, खरीच नोंद केलीस तर हेच दहा परत जातील. रजा पॅकिंगवाल्यांची.”

सगळे हसले. काकीही हसली, पण फाटकी बाही तिने मुठीत धरली होती. जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाली, “रावंदे गो ता. पोरींना रजा होवी हाय. माझ्यामुळं नको.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुहास सरांच्या केबिनचं दार मी न विचारता ढकललं. असं मी कधी केलेलं नाही.

ते म्हणाले, गेम आहे, मनाला लावून घेऊ नका. नोंदी कमी दिसल्या की मुंबईत बरं वाटतं. मग हसून, “आम्रपाली मॅडम, रोज सकाळी पंचशील म्हणता ना तुम्ही? मग एवढा राग?”

“रागाचं मी बघते सर,” मी म्हणाले. आवाज चढला नव्हता. “स्लाइड सव्वीस म्हणते, कळवणाऱ्याचं काहीही नुकसान होणार नाही. हाच प्रश्न उद्या विचारला, तर बरोबर उत्तर कुठलं धरू? स्लाइडमधलं की तुमच्या ओळीतलं?”

“स्लाइडमधलं.”

“आणि गुण?”

त्यांनी मोबाइल उचलला. ओळ राहील म्हणाले. नोंद ज्या विभागाची, कपात त्याची. विषय संपला.

मी बाहेर आले. खोटं बोलणार नाही, असं मी रोज सकाळी मेणबत्ती लावून म्हणते, आणि त्याच तोंडाने मी उद्या माइकवर हा नियम वाचणार होते. रागाने डोळ्यांत पाणी आलं. ते पुसताना सरांचंच वाक्य पुन्हा आठवलं. नोंद ज्या विभागाची, कपात त्याची. आणि नोंद तर कोणीही करू शकतं. ज्याने पाहिलं, त्याने.

मी मात्र पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. न पाहिलेलं माझ्या नावावर लिहिलं तर तेही खोटंच.

तीनला पंचवीस मिनिटं होती. सुपरवायझरला फोन करून सांगितलं, मी येईपर्यंत स्विचला कुलूप लावा. उघडी साखळी स्वतः डोळ्यांनी बघून नोंद मीच करणार, ऑफिसच्या नावावर. उद्या ऑफिस चाळीसवर सुरू होईल. माझी टीम माझ्यावर चिडेल, चिडू दे. पल्पचे वीस वीसच राहतील.

केसांवर टोपी चढवली, बांगड्या काढून पर्समध्ये टाकल्या, आणि पल्पच्या शेडकडे चालू लागले.