तारीख, नाव आणि झेरॉक्सवाला

नर्सिंग कॉलेजात अर्ज ईमेलवर यायला लागले तेव्हा ते कॉम्प्युटरवर उतरवून घेणाऱ्या बाईंचं डोकं उठलं. ज्याला त्याला फाइलला एकच नाव सुचायचं, 'अर्ज'. दुसरा जतन केला की पहिला गायब. म्हणून बाईंनीच शिस्त लावली: फाइलच्या नावापुढे आधी तारीख, मग पाठवणाऱ्याचं नाव. तेव्हापासून कोणाचा अर्ज हरवला नाही, आणि अर्थात कोणी शाबासकीही दिली नाही. न हरवलेल्या अर्जाचं कौतुक कोण करतो हो!

निवड यादी लागली त्या दुपारी एक मुलगी खिडकीशी आली.

"माझं नाव का नाही? शेवटच्या मुलीपेक्षा माझे मार्क जास्त आहेत."

शेवटची मुलगी म्हणजे बाईंची भाची.

"अर्ज पाठवला होतास का?"

"हो, शेवटच्या तारखेला, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून. त्याच्याच मेलवरून."

बाईंनी कॉम्प्युटरवर शोधलं. फोल्डरमध्ये त्या तारखेची, झेरॉक्सवाल्याच्या नावाची एकच फाइल होती. उघडली, तर भाचीचा अर्ज.

मेलबॉक्समध्ये मात्र मेल दोन होते. सकाळी हिचा, दुपारी भाचीचा. तारीख तीच, पाठवणारा तोच, फाइलचं नावही तेच. कॉम्प्युटरने विचारलं होतं, आधीची फाइल बदलायची का? लोक घाबरून एकच अर्ज दोनदा पाठवतात, तसंच असेल म्हणून बाईंनी 'हो' दाबलं होतं. दिवसभर मान मोडून काम केल्यावर माणूस 'हो'च दाबतो.

मेलबॉक्स दुसरं कोणी बघत नसे. सकाळचा मेल पुसला असता तर कोणाला पत्ताही लागला नसता. भाचीचं अर्ज करायचं हे तिसरं वर्ष, आणि आईमागे बाईंना वाढवलं ते भाचीच्या आईने, ताईने. बाई स्क्रीनकडे बघत राहिल्या. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

मग त्यांनी दोन्ही अर्ज पुन्हा उतरवले. या वेळी तारखेला मेलची वेळही जोडली आणि मुलीचा अर्ज प्राचार्य साहेबांपुढे ठेवला.

"मुदतीत आलाय?"

"आलाय. माझ्या हातून पुसला गेला होता."

साहेबांनी यादी ओढली. "मग शेवटचं नाव कापावं लागेल. कोण आहे ही?"

"माझ्या बहिणीची मुलगी."

साहेबांनी पेन खाली ठेवलं, थोड्या वेळाने पुन्हा उचललं. "घरी तुम्हीच सांगा," ते हळूच म्हणाले.

ताईने पहिल्याच रिंगला फोन घेतला. "अगं, किती वेळ लावतेस! यादी मोबाइलवर बघितली आम्ही. पोरगी तेव्हापासून रडतेय नुसती, आनंदाने. थांब, तिलाच देते. मावशीला पहिलं सांगायचंय म्हणून बापालासुद्धा सांगितलं नाही तिने."

"ताई, नको देऊस," असं बाई म्हणेपर्यंत पलीकडून भाचीचा आवाज आला, "मावशी?"