एकोणीस पेपरांतली एकच चूक

माझ्या नवऱ्याचा, सदानंदचा, आवाज फोनवर एकदम बारीक झाला आणि मी हातातलं काम टाकून त्याच्याजवळ गेले. आमच्याकडे नायगावला दहावीच्या इंग्रजीचा क्लास चालतो. चालतो म्हणजे सदानंद शिकवतो आणि मी चपला ओळीत लावायला सांगते, पालकांचे फोन घेते, मुलांना दरडावते. वीस वर्षं झाली. या वीस वर्षांत क्लासकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं.

फोन शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंचा होता. बोर्डाची परीक्षा होऊन महिना झाला होता आणि पेपर तपासणाऱ्यांनी आमच्या एकोणीस मुलांचे पेपर वेगळे काढले होते. सामूहिक कॉपीचा संशय. मुलांनी पालकांसह बोर्डाच्या कार्यालयात चौकशीला यायचं. तोवर निकाल राखून ठेवणार.

"पण कॉपी कशावरून?" मी ओरडलेच.

सदानंदने फोन ठेवला आणि खुर्चीवर बसला. "कॉमांवरून," तो म्हणाला.

मला वाटलं, याचं डोकं फिरलं. पण तसं नव्हतं. पेपरात दोन वाक्यं 'who' वापरून जोडायची होती. एक, माणसाला अनाथ म्हणतात. दुसरं, त्याला आईवडील नसतात. एकोणिसांच्या एकोणीस मुलांनी लिहिलं होतं: A person, who has no parents, is called an orphan. आणि पत्रलेखनात प्रत्येकाचं एक वाक्य जसंच्या तसं होतं: People, who use this road, suffer every day. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण चूक सारखी आली, तीही त्याच जागी, की तपासणारा थबकतोच.

"म्हणजे हे चूक आहे?" मी विचारलं.

त्याने कपाटातून व्याकरणाचं जाड पुस्तक काढलं. बराच वेळ वाचलं. मग मला समजावलं, खरं म्हणजे स्वतःलाच. कोणता माणूस ते सांगण्यासाठी 'who' आला असेल तर कॉमा द्यायचे नाहीत. ज्याला आईवडील नाहीत तोच अनाथ, तो तुकडा काढला तर वाक्याला अर्थच उरत नाही. पण माणूस आधीच ठाऊक असेल, म्हणजे Mr. Aloysius, who lives next door, असं काही असेल, तर तो तुकडा वरची जास्तीची माहिती झाली. तिला मागेपुढे कॉमा हवेत. आईवडिलांच्या तुकड्याला कॉमा दिले की सगळ्याच माणसांना अनाथ म्हणतात, असा अर्थ होतो.

"आणि तू काय शिकवायचास?"

"who, which दिसला की दोन्ही बाजूंना भिंत बांधा." त्याने पुस्तक मिटलं. "मला माझ्या सरांनी असंच शिकवलं होतं. पत्रातलं ते वाक्यही माझंच. पाठ करून घेतलं होतं."

आता मला खरी भीती वाटली. मुलं म्हणणार, सरांनी शिकवलं. बोर्ड म्हणणार, शिकवलं कशावरून, परीक्षेच्या वेळी आत उत्तरं पाठवली असतील. मग गुन्हा, पोलीस, वर्तमानपत्रात नाव. मी त्याला स्पष्ट सांगितलं, "तुला कुणी बोलावलेलं नाही. तू जायचं नाहीस."

"मुलांना बोलावलंय ना."

"मुलांना आईबाप आहेत!"

"त्यांना काय विचारतील ते आईबापांना कळेल का, हेमांगी?" तो म्हणाला. मी रागाने स्वयंपाकघरात गेले आणि उगाच डबे आपटले.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी त्याने सगळ्या मुलांना बोलावलं. मला वाटलं, धीर देणार असेल. तर हा बाबा फळ्यावर वाक्यं लिहून योग्य नियम शिकवायला लागला! मुलं भेदरून बसलेली, एलिना तर रडून रडून लाल झालेली, आणि हा म्हणतोय, "चूक माहीत असताना तुम्हाला तशीच कशी सोडू? परत लिहा." चुकलं की 'परत लिही', हे त्याचं ठरलेलं वाक्य. या माणसाने कधी कुणाला पैकीच्या पैकी मार्क दिले नाहीत. साध्या टिंबासाठी अर्धा मार्क कापायचा. दीडेक तासात मुलांनी नियम घोटून पाठ केला. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. मूर्ख मी.

सकाळी सिप्रियन त्यांची ईको गाडी घेऊन आले. एलिनाचे वडील. पहाटे भाजी पोचवून तसेच आले होते, मागे पालकाची पानं चिकटलेली. एलिना पुढे बसली, आम्ही दोघं मागे. घोडबंदरचा पूल मागे पडला.

मग सिप्रियन म्हणाले, "सर, एक विचारू? पोरगी नर्सिंगला जायचं म्हनते. हे नावाला लागलं तर घेतील का तिला?"

सदानंदने तोंड खिडकीकडे वळवलं. मीही खिडकीबाहेर बघत राहिले. एलिनाने जपमाळ हातात धरली होती आणि ओठ हलत होते.

बोर्डाच्या कार्यालयात लांबच लांब व्हरांडा होता. बाकांवर मुलं आणि पालक दाटीवाटीने बसलेले, सगळ्यांचे चेहरे दवाखान्यात बसल्यासारखे. सदानंद सरळ चौकशी समितीच्या बाईंच्या खोलीत गेला. मी मागोमाग गेले, कुणी अडवलं नाही. त्याने उभ्या उभ्या सांगून टाकलं की नियम मी चुकीचा शिकवला, वाक्य मी पाठ करून घेतलं, मुलांनी कॉपी केलेली नाही.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "लिहून द्याल?"

"देतो." त्याने लिहून दिलं. क्लासचं नाव, पत्ता, सही.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणता तसं असेल तर मुलं आजही तशीच चूक करतील. बघू."

 सदानंदने माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं, त्यालाही आठवलं. कालची संध्याकाळ.

मी दाराकडे धावले. व्हरांड्यात एलिना दिसली. तिला सांगायचं होतं की बाळा, कॉमा दे, आज चूक लिही. पण शिपाई मुलांना एका मोठ्या खोलीत नेत होता, प्रत्येकाला लांब लांब बसवत होता. माझ्या तोंडून शब्द फुटेपर्यंत दार बंद झालं.

बाईंनी दिलेली वाक्यं अशी होती: विद्यार्थ्यांना शिक्षा होते, ते परीक्षेत कॉपी करतात. 'who' वापरून जोडा. थोड्या वेळाने त्या कागद घेऊन बाहेर आल्या आणि आमच्यासमोर धरले. Students who copy in the examination are punished. एकही कॉमा नाही. सगळे बरोबर. आयुष्यात पहिल्यांदा मला बरोबर उत्तरं बघून रडू आलं.

"कॉमा दिले असते तर सगळेच विद्यार्थी कॉपी करतात असा अर्थ झाला असता," बाई थंडपणे म्हणाल्या. "तुमच्या मुलांना हा फरक उत्तम कळतो. मग पेपरात एकोणीस जणांची एकच चूक कुठून आली, सर?"

"काल शिकवलं मी," सदानंद म्हणाला. "काल संध्याकाळी."

"काल?" बाई हसल्या नाहीत. "चौकशीच्या आदल्या दिवशी? बरं सुचलं."

सिप्रियन भिंतीला टेकून उभे होते. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण बाईंचा चेहरा कळला. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. ते बघून माझा तोल गेला. मी बोर्डाच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, नवऱ्यावर तोंड सोडलं.

"चूक दिसली की याला राहवत नाही हो! मुलं फासावर जात असती तरी याने आधी स्पेलिंग सुधारलं असतं! आणि बाई, एका संध्याकाळी शिकवून सवय सुटते का? वीस वर्षं या माणसाला सांगतेय, ओला टॉवेल पलंगावर टाकू नको. मी समोर असले की दांडीवर टाकतो. पाठ वळली की पलंगावर!"

कुणीतरी खुसकन हसलं. बाई मात्र माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मुलं आतच आहेत ना?" त्यांनी शिपायाला विचारलं. मग खोलीत जाऊन त्यांनी मुलांना सांगितलं की आता प्रत्येकाने आपल्या गावाविषयी आणि घरातल्या माणसांविषयी एक पान लिहायचं, मनाने, भरभर. वाक्यं जोडायची नाहीत. कॉमाचं नावही घेतलं नाही. दार पुन्हा बंद झालं.

तो अर्धा तास मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. सदानंद बाकावर बसून हाताच्या रेषा बघत होता. "त्यांनी नीट लिहिलं तर?" तो पुटपुटला. वीस वर्षांत मी त्याच्या तोंडून असली भीती ऐकली नव्हती. मी त्याचा हात धरला.

शिपायाने आम्हाला आत बोलावलं. टेबलावर पानं पसरली होती आणि बाईंच्या हातात लाल पेन होतं. चिंचोटीच्या एका मुलाने लिहिलं होतं, The tourists, who come to see the waterfall, throw bottles. दुसऱ्याचं, The house, which we sold, had a well. प्रत्येक पानावर वेगळं गाव, वेगळी माणसं, वेगळी वाक्यं, आणि प्रत्येक who, which भोवती त्याच दोन भिंती. लाल गोलांनी पानं भरून गेली होती.

"ही पानं काही एकमेकांवरून उतरवलेली नाहीत," बाई म्हणाल्या. "चूक मात्र घरचीच आहे. मी समितीला तसं लिहून देते. निकाल सोडायला सांगते." मग सदानंदकडे वळून म्हणाल्या, "तुमचं लेखी मात्र फाईलला राहील, सर. शाळांना कळवावं लागेल."

"राहू दे," सदानंद म्हणाला.

आम्ही बाहेर आलो तर एलिना भिंतीशी उभी राहून हमसून हमसून रडत होती. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. सरांना बघून ती आणखीच रडायला लागली.

"सर, कागद दिल्यावर आठवलं. मी सगळीकडे कॉमा दिले. तुम्ही काल एवढं शिकवलं आणि मी सगळं विसरले. सगळं चुकलं, सर."

सदानंदने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पैकीच्या पैकी, बाळा," तो म्हणाला. "पैकीच्या पैकी."