शेजारी बसून ओरडणार नाही

ड्रायव्हिंग स्कूल वडिलांचं होतं. गाड्या तीन, शिकवणारी माणसं तीन: वडील, धाकटा मुलगा आणि मोठी मुलगी. मोठी नवऱ्याला सोडून माहेरी आली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. आल्या आल्या वडील म्हणाले होते, "रिकामी बसू नकोस." ती बसली नाही. बायका शिकायला आल्या की तिच्याकडे, फोन तिच्याकडे आणि मोबाईलवरच्या जाहिरातीही तिच्याकडेच.

त्या मोसमात दोन छोटे व्हिडिओ केले. धाकट्याच्या व्हिडिओत तो नवशिक्याची नक्कल करायचा. क्लच सोडताना गाडी उड्या मारते, वायपर भलत्या वेळी चालू होतात, शेवटी तो स्टिअरिंगवर डोकं टेकतो. मोठीच्या व्हिडिओत ती गाडीला टेकून उभी राहून बोलायची. दोन्हींवर सारखाच खर्च ठेवला, सहा-सहा हजार, आणि दोन्ही सारख्याच लोकांना दाखवले. एकावर जास्त पैसे ओतले तर तुलना कसली करणार?

आठवड्यानं तिघं ऑफिसात बसली. ऑफिस म्हणजे एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि किल्ल्यांचे खिळे.

"माझा लोक सरासरी एकोणीस सेकंद बघतात," धाकटा म्हणाला. "तिसातले एकोणीस! ताईचा सहा."

वडील खूश झाले. "पोरगं कलाकार आहे."

"बघतात, पण पुढे काय करतात?" मोठी म्हणाली. "हजार वेळा दिसला तर पाच वेळासुद्धा कुणी चौकशीचं बटण दाबत नाही. माझं पंधराच्या वर जातं. आणि फॉर्म भरून नंबर किती जणांनी दिला? त्याच्यावर सहा, माझ्यावर चोवीस. म्हणजे त्याची एक चौकशी हजाराला पडली, माझी अडीचशेला."

"हसून मोकळे होतात लोक," वडील हिरमुसून म्हणाले. "बरं, मग तुझा का नाही बघत?"

तेच तिनं आदल्या दिवशी शोधून काढलं होतं. जाहिरातीच्या हिशेबात कोणत्या सेकंदाला किती माणसं उरली याची रेघ दिसते. तिची रेघ पहिल्या तीन सेकंदांतच कड्यावरून पडावी तशी पडत होती, कारण तिथं स्कूलच्या नावाची पाटी होती आणि "नमस्कार, आमच्या संस्थेत आपलं स्वागत आहे" होतं. पण आठव्या सेकंदाला रेघ सपाट व्हायची. तिथं ती म्हणत होती, "इथं कुणी शेजारी बसून ओरडणार नाही." तिथपर्यंत पोचलेली बाई मग शेवटपर्यंत थांबायची.

"एकच गोष्ट बदलायची," ती म्हणाली. "नमस्कार काढायचा, ते वाक्य पहिलं घ्यायचं. बाकी शब्दाला हात लावायचा नाही, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही."

बदल केला. सरासरी तेरा सेकंदांवर गेली, चौकशी एकशे साठला यायला लागली. बायका फोनवर पत्ता विचारायच्या आधी हसत म्हणायच्या, "खरंच नाही ना हो ओरडणार?"

मग आत्याचा फोन आला. वडील फोन ठेवून किती तरी वेळ गाडीची काच पुसत राहिले. जेवायला बसल्यावर म्हणाले, "ते वाक्य काढ."

"कुठलं?"

"माहितीय तुला. चार लोक ओळखतात आपल्याला. तुझी आत्या म्हणाली, पोरगी घरची धुणी चव्हाट्यावर धुतेय."

"मी कुणाचं नाव घेतलंय?"

"घ्यायला लागतं का? तुझं तोंड बघून कळतं."

ते खोटं नव्हतं. नवरा तिला गाडी शिकवायचा म्हणून शेजारी बसायचा. ओरडणं गाडीपुरतं राहिलं नाही. ते वाक्य तिला टेबलाशी बसून सुचलेलं नव्हतं.

तिनं वाक्य काढलं. त्याजागी घातलं, "सुरक्षित आणि सोपं प्रशिक्षण, अनुभवी शिक्षक." पुन्हा आठवडा. सरासरी पाच सेकंद, चौकशी चारशे वीस. तिनं आकडे वडिलांसमोर ठेवले आणि मनातल्या मनात जिंकली. तिला वाटलं, आकडा काही आत्याचा फोन ऐकून बदलत नाही. बोलेल ते खरं बोलेल.

वडिलांनी चष्मा काढला. "वाक्य राहू दे मग," ते म्हणाले. "पण तू नको."

"म्हणजे?"

धाकट्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं. त्याच्या मित्राची बहीण नाटकात कामं करायची. "ताई, राग मानू नकोस. करून तर बघू. तूच म्हणतेस ना, आकड्यांना विचारा?"

मुलगी आली. चांगली होती, वागायलाही साधी. तिला गाडी चालवता येत नव्हती. मोठीनं तिला स्टिअरिंग धरायला शिकवलं, आरसा कुठं बघायचा ते सांगितलं. शब्द तेच, गाडी तीच, उजेडही सकाळचाच. मुलीनं ते वाक्य खट्याळपणे म्हटलं, जणू सगळ्यांच्याच घरातली गंमत. मोठी तेच म्हणताना कधीच हसली नव्हती.

आठवडा झाला. आकडे वाचायचं काम मोठीचंच.

"वाच की," धाकटा म्हणाला.

"सरासरी सतरा सेकंद," ती म्हणाली. "बटण दाबणारे हजारात पंचवीस. चौकशी..." तिनं खर्चाला चौकशांच्या संख्येनं पुन्हा भागून बघितलं. चूक नव्हती. "एकशे वीस."

"बघ!" वडील म्हणाले. त्यांना वाईट वाटावं असं काही दिसतच नव्हतं. "चीज झालं तुझ्या वाक्याचं."

ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? आकड्यांचा कौल मागणारी तीच होती.

गर्दी वाढली. चौथी गाडी आली, पलीकडच्या भागात शाखा निघाली आणि तिच्या दारावर धाकट्याचं नाव लागलं. मोठीनं एकदाच विचारलं, "आणि माझं?" वडील म्हणाले, "तुला काय कमी आहे इथं?"

दोन महिन्यांत व्हिडिओ शिळा झाला. त्याच बायकांना तो चार-चारदा दिसत होता. पहिल्या सेकंदांत लोक अजून टिकून होते, पण बटण कुणी दाबेना, आणि चौकशी तीनशेवर गेली. वडील तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. आवाजात अजीजी होती.

"आता काय बदलायचं गं?"

"सुरुवात ठीक आहे. मधलं बोलणं नवं हवं. लोकांना ते पाठ झालंय."

"मग काढ की एखादं तसलंच वाक्य. तुला सुचतं बाई."

तिला सुचलं होतं. एक नाही, कितीतरी होती. एक तर असं होतं की ते ऐकून बायका आपोआप थांबल्या असत्या: किल्ली कुणाच्या खिशात राहायची त्याबद्दलचं. ते ओठांपर्यंत आलंसुद्धा. पण उद्या त्या मुलीच्या तोंडून ते हसत-हसत कसं वाटेल, तेही तिला ऐकू आलं.

"नाही सुचत," ती म्हणाली. "सवलत टाकू. पहिले तीन धडे फुकट."

"चौकशी स्वस्त पडेल?"

"पडेल."

खोटं नव्हतं ते. फुकट म्हटलं की फॉर्म भरणारे पुष्कळ. त्यातले निम्मे नंतर फोन उचलत नाहीत, उरलेले तीन धडे घेऊन जातात. पण ते आकड्यात दिसायला वेळ लागतो आणि वडील चौकशीच्या पुढचा आकडा कधी विचारत नसत.

आठवड्यानं चौकशी नव्वदवर आली. वडिलांनी धाकट्याला फोन करून सांगितलं. मोठीनं फॉर्मांतले नंबर एकेक करून लावायला घेतले. पहिला बंद होता. दुसऱ्यावर कुणी लहान मूल बोललं आणि फोन ठेवून दिला.